तुम्ही विचारलंत म्हणून: पिकरचा सुपरवायझर झालो, हे अर्जात कसं लिहू?

"ज्या गोदामात ऑर्डरप्रमाणे माल उचलणारा पिकर होतो तिथेच सुपरवायझर झालो. आता दुसरीकडे अर्ज करतोय. जुन्या सोबत्यांकडून काम करून घेतलं, हे कसं लिहायचं?"

कंपनीचं नाव एकदाच लिहा. त्याखाली दोन्ही पदं वेगवेगळी, महिना-वर्षासकट. सुपरवायझर आधी, पिकर नंतर. बरेच जण सगळी वर्षं 'सुपरवायझर' म्हणूनच लिहून टाकतात. मग बढती मिळाली होती हेच कळत नाही, आणि जुन्या कंपनीत चौकशी झाली की तारखा जुळत नाहीत. पिकरच्या कामाला दोन ओळी पुरतात, पण नवीन मुलांना स्कॅनर शिकवला असेल तर तेवढं नक्की लिहा. बढती का मिळाली, ते त्यातूनच दिसतं.

सुपरवायझरच्या कामाखाली नुसतं 'टीम सांभाळली' लिहू नका. समजा, भिवंडीच्या गोदामात 14 पिकरांची शिफ्ट तुमच्याकडे होती, तर असं लिहिता येईल:

'14 पिकरांची शिफ्ट, त्यांपैकी 9 पूर्वीचे सहकारी. रविवारच्या सुट्टीच्या पाळ्या लावून यादी आठवडाभर आधी फलकावर. एकसारख्या मालाचे बिन लांब केल्यावर चुकीचा माल उचलणं ऑर्डरच्या हजार ओळींमागे 12 वरून 7 वर.'

आकडे अर्थात तुमचेच हवेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न येतो तो 'हे मोजलं कुठे?' हा. पॅकिंगच्या टेबलावर माल पुन्हा स्कॅन होतो, तिथल्या नोंदीतून, असं सांगता आलं पाहिजे. कारणही सांगा. शाम्पूची 180 आणि 340 मिलिलिटरची बाटली शेजारशेजारच्या बिनमध्ये असली की घाईत हात चुकतो, आणि पिकिंगला फक्त बिनचा बारकोड स्कॅन होत असेल तर स्कॅनरला ते कळत नाही. एवढं सांगितलंत की समोरच्याला पटतं, हा माणूस फ्लोअरवर उभा राहिलेला आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: 'जुने मित्र तुमचं ऐकायचे का?' 'काहीच अडचण आली नाही' यावर कुणाचा विश्वास बसत नाही. खरी अडचण सांगा. बहुतेक ठिकाणी ती सुट्टी आणि ओव्हरटाइमची असते: जवळच्या मित्राला रविवार मिळाला की बाकीचे लगेच बोलतात. तुम्ही पाळ्या कशा लावल्या, त्यात स्वतःचं नाव होतं का, मित्राने मागितलेली सुट्टी नाकारली तेव्हा त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं, हे क्रमाने सांगा. मात्र मित्राचं नाव घेऊ नका आणि त्याला कामचुकारही ठरवू नका. नव्या जागी तुम्ही आपल्या माणसांबद्दल कसं बोलाल, तेही ऐकणारा तोलत असतो.

बढतीचं पत्र मिळालं नसेल आणि पगाराच्या स्लिपवर अजून पिकरच असेल, तर पदही पिकरच लिहा आणि पुढे 'शिफ्टची जबाबदारी, अमुक महिन्यापासून' असं जोडा. चौकशीत स्लिप आणि अर्ज ताडून पाहतात.