सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून 2019 चा एक मेसेज शोधून काढला, माझा अनुभव

आम्ही नागपूरला त्रिमूर्ती नगरकडे एका जुन्या स्कीममध्ये राहतो, अगदी वरच्या माळ्यावर. या पावसात बेडरूमच्या स्लॅबमधून पाणी गळून राहिलं होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग 2019 च्या उन्हाळ्यात झालेलं, आणि सगळ्यांना एवढं पक्कं आठवत होतं की ठेकेदारानं सात वर्षांची गॅरंटी दिली होती, म्हणजे 2026 च्या उन्हाळ्यापर्यंत. पण कागद कोणाकडेच नाही. सेक्रेटरी भाऊ म्हणाले, अरे त्यानं ग्रुपवरच लिहून दिलं होतं ना, तेव्हा त्याला ग्रुपमध्ये ॲड केलं होतं. आता हा ग्रुप 2017 पासूनचा, त्यात टँकर, लिफ्ट, गुड मॉर्निंग, वाढदिवस, सगळंच, आणि अशा ग्रुपमध्ये वर वर स्क्रोल करत जायचं म्हटलं तर बोट दुखेल पण 2019 काही येणार नाही. म्हणून मी हे कसं केलं ते जरा सविस्तर लिहितो, कोणाच्या कामी येईल.

आधी शब्द टाकून बघितलं. अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरचे तीन डॉट, त्यात Search, आयफोनवर ग्रुपच्या नावावर टॅप केलं की तिथं सर्च मिळतो. शब्द टाकून कीबोर्डवरचं भिंगाचं बटण दाबायचं, मग वरच्या बाणानं एकेक करून मागे मागे जाता येतं. गॅरंटी टाकलं, काही नाही. मग guarantee, garanti, warranty असं सगळं टाकून बघितलं तर निघाले काय, इन्व्हर्टरच्या बॅटरीचे मेसेज, कोणाच्या तरी फ्रीजचा किस्सा आणि फॉरवर्ड केलेल्या जाहिराती. आपल्याकडे हाच मोठा घोळ आहे बघा, एकाच ग्रुपमध्ये कोणी देवनागरीत लिहितं, कोणी इंग्रजी अक्षरात मराठी, कोणी हिंदी, आणि सर्च तर फक्त अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. गच्ची, gacchi, gachi, terrace, chhat हे त्याच्यासाठी पाच वेगळे शब्द. म्हणून शब्दानं शोधायचं असेल तर जे लोक एकाच पद्धतीनं लिहितात ते टाकावं, म्हणजे एखाद्या केमिकलच्या कंपनीचं नाव, फोन नंबरचे आकडे, नाहीतर sqft सारखं काहीतरी. आणि पूर्ण शब्द टाकायचीही गरज नसते, सुरुवातीची तीनचार अक्षरं टाकली की स्पेलिंगच्या शेवटाचा त्रास कमी होतो.

दुसरं म्हणजे सर्चला फोटोतलं लिखाण आणि व्हॉइस मेसेजमधलं बोलणं दिसत नाही. फोटोखाली कोणी कॅप्शन लिहिलं असेल तरच तो शब्दानं सापडतो, आणि पीडीएफ असेल तर फाइलचं नाव काय आहे त्यावर. बरेच ठेकेदार लेटरहेडवर पेननं लिहून त्याचा फोटो टाकतात, त्यामुळे शब्दावर सगळी भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. तारीख काढणं भाग होतं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट तपासली, आणि मला वाटते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. व्हॉट्सॲप शोधतं ते आपल्या फोनमध्ये जेवढं आहे तेवढ्यातच. मी मधात फोन बदलला तेव्हा जुना बॅकअप आला नव्हता, त्यामुळे माझ्याकडे ग्रुप 2021 पासूनच सुरू होतो, मग त्यात 2019 चं कितीही शोधा, मिळणार कुठून. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडलं तर तिथंही सगळी हिस्ट्री येत नाही, अलीकडचीच येते, आणि खूप मागे गेलं की जुने मेसेज फोनवर बघा असं तेच सांगतं. आणि जे लोक नंतर ग्रुपमध्ये आले त्यांच्याकडे इतके जुने मेसेज नसतातच. म्हणून ग्रुपवर सरळ विचारलं की कोणाकडे 2019 च्या आधीपासूनचं दिसते. दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंकडे दिसत होतं, त्यांच्या पोरानं दरवेळी फोन बदलताना बॅकअप नीट आणला होता. "घेऊन बस रे, मी तोवर पोहे करते," म्हणाल्या आणि फोनच हातात दिला.

आता तारीख. कोणाला मे म्हणून आठवत होतं, कोणाला जून. सोसायटीच्या पासबुकात बघितलं तर ठेकेदाराच्या ॲडव्हान्सचा चेक 27 मे 2019 ला गेलेला, म्हणजे बोलणं त्याच्या आधी झालेलं असणार. आणि काकूंना आठवत होतं की लोकसभेचा निकाल लागला त्याच आठवड्यात ठेकेदार गच्ची मोजायला आला होता, कारण खाली सगळे टीव्हीसमोर आणि हा एकटा वर उन्हात टेप घेऊन. निकाल 23 मे 2019 चा. म्हणजे साधारण 20 ते 27 मे, एवढा एकच आठवडा शोधायचा राहिला. तारीख काढायला असेच बाहेरचे पुरावे धरावे असं मी म्हणेन, बँकेची एंट्री, यूपीआयची हिस्ट्री, गॅलरीतले त्या कामाचे फोटो, निवडणूक नाहीतर सण, कारण नुसत्या आठवणीवर वर्षसुद्धा चुकतं.

मग ग्रुपमध्ये पुन्हा Search, पण काही टाइप न करता उजवीकडे जे कॅलेंडरचं चिन्ह असतं त्यावर टॅप. अँड्रॉइडवर हे 2024 मध्ये आलं, आयफोनवर त्याच्या आधीपासून होतं, त्यामुळे चिन्ह दिसत नसेल तर ॲप अपडेट करून घ्या. वर्ष, महिना, तारीख निवडली की चॅट सरळ त्या दिवसाच्या पहिल्या मेसेजवर उडी मारतं. म्हणून नेहमी आपल्या आठवड्याची सुरुवातीची तारीख टाकायची आणि मग खाली खाली वाचत यायचं, मधली तारीख टाकली तर अर्धं वर राहून जातं. मी 20 मे टाकली. 22 पर्यंत टँकर आणि कूलरच्या गप्पा. 23 ला तर निकालाचे एवढे फॉरवर्ड आणि व्हिडिओ की त्यात ठेकेदाराचा मेसेज असला तरी डोळ्यासमोरून निघून जाईल.

तिथंच मीडियाचा टॅब कामी आला. ग्रुपच्या नावावर टॅप करायचं, खाली Media, links and docs असतं, त्यात तीन भाग, फोटो व्हिडिओ वेगळे, डॉक्युमेंट वेगळे, लिंक वेगळ्या, आणि फोटो महिन्याप्रमाणे लावलेले. मे 2019 पर्यंत खाली गेलो. छोट्या छोट्या चौकोनांत निकालाचे रंगीत फोटो लगेच ओळखू येतात आणि त्यांच्यामधात पांढऱ्या कागदाचा एक फोटो उठून दिसत होता, वर निळं लेटरहेड. टॅप केलं तर अंधुक, उघडेच ना. काकूंच्या पोरानं कधीतरी जागा रिकामी करायला जुने फोटो उडवले असतील, अशा वेळी चॅटमध्ये फक्त धूसर चौकोन राहतो आणि इतक्या वर्षांनी तो परत डाउनलोड होत नाही. पण म्हणून सोडून द्यायचं नाही. तीन डॉटमध्ये Show in chat आहे, ते दाबलं की तो फोटो ज्या जागी पाठवला होता तिथंच चॅट उघडतं, आजूबाजूच्या मेसेजसकट. आणि खाली लगेच ठेकेदाराचा मेसेज, 25 मे 2019:

"7 sal tak lekage aya to free me karke dunga, sirf tiles mat todna"

गॅरंटी हा शब्दच नाही त्यात. लीकेजचं स्पेलिंगही त्याचं स्वतःचं. कोणताही शब्द टाकून मला हे कधी मिळालं असतं असं वाटत नाही. आणि टाइल्स न तोडायची अट आम्ही सगळे विसरलोच होतो, वर जाऊन बघितलं, टाइल्स जशाच्या तशा होत्या, बरं झालं.

फोटो मात्र हवाच होता, कारण रेट आणि कुठं कुठं काम केलं ते त्यावर लिहिलेलं. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर फोटो सेव्ह करताना नावात तो मिळाल्याची तारीख घालतं, IMG, मग वर्ष महिना दिवस, मग WA आणि नंबर. सेक्रेटरी भाऊंचा तेव्हाचा जुना फोन त्यांच्या कपाटात पडून होता, तो चार्ज केला, फाइल मॅनेजरच्या सर्चमध्ये हे टाकलं:

```
IMG-20190525
```

आणि त्या दिवसाचे सगळे फोटो एका जागी आले, त्यात लेटरहेडचा, पूर्ण वाचता येईल असा. दिवस नक्की माहीत नसेल तर IMG-201905 एवढंच टाकलं तरी अख्खा महिना येतो. फोटो आपणच पाठवलेला असेल तर तो WhatsApp Images फोल्डरच्या आत Sent नावाचं फोल्डर असतं त्यात बघायचा.

एक शेजारी म्हणत होते की अख्खं चॅट एक्सपोर्ट करून टेक्स्ट फाइलमध्ये शोधू. लहान चॅटला ते चांगलं आहे, पण मीडियाशिवाय एक्सपोर्ट केलं तरी शेवटचे 40,000 मेसेजच येतात आणि मीडियासकट 10,000. मोजले शेवटून जातात, म्हणजे आमच्यासारख्या ग्रुपमध्ये जे जुनं पाहिजे तेच बाहेर राहतं.

सापडल्यावर फॉरवर्ड केलं नाही, कारण फॉरवर्डमध्ये जुनी तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव राहत नाही. मेसेजवर दाबून धरून आधी स्टार केला, म्हणजे पुढच्या वेळी काकूंच्या फोनमध्ये Starred मध्ये लगेच दिसेल, मग वर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला, ठेकेदाराचं नाव आणि नंबर दिसतो तेवढाही एक वेगळा घेतला, आणि फोटोसोबत सेक्रेटरी भाऊंनी ते त्याला पाठवलं. त्याचा फोन संध्याकाळी आला, म्हणाला माझंच लिहिलेलं आहे साहेब, दोन दिवस कोरडे मिळू द्या. उघाड पडल्यावर माणसं आली, पॅरापेटची भिंत आणि स्लॅब मिळते तिथं भेग पडली होती, तो कोपरा खरवडून पुन्हा भरून दिला, पैसे घेतले नाहीत.

स्क्रीनशॉट आणि लेटरहेडचा फोटो आता सोसायटीच्या ईमेलवर ठेवला आहे, विषयात मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून, गच्ची वॉटरप्रूफिंग गॅरंटी मे 2026 पर्यंत.