बळदातली ज्वारी

माझ्या लॅपटॉपमध्ये ‘सगळं’ नावाची एक फाइल आहे, नोकरीत केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तिच्यात आहे. तिची चौदा पानं झालीत आणि ती मी कुणालाच पाठवत नाही. आजोळच्या वाड्यात ज्वारीचं बळद होतं. पाहुणे किती ते बघून आजी त्यातून सूपभर काढायची. बळद काही पाहुण्यापुढं मांडायची नाही.

परवा भाच्याचा फोन आला. “मामा, बारा कंपन्यांत बायोडाटा टाकला, एकाचाबी फोन नाही बघा.” मागवून पाहिला तर चार पानं, आणि बाराही ठिकाणी तीच. सातवीतलं निबंधाचं बक्षीससुद्धा होतं त्यात!

त्याला माझ्या फाइलमधली एक नोंद वाचून दाखवली. वाळूजला प्रेस शॉपमध्ये असताना आम्ही चौघांनी प्रेसवरचा साचा, म्हणजे डाय, बदलायचा वेळ ५५ मिनिटांवरून २२ वर आणला होता. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवायची, सगळे बोल्ट एकाच मापाचे करायचे, एवढंच मुख्य. डाय नेमकी बसावी म्हणून पिना लावल्या, तेव्हा सुरुवातीला स्क्रॅपमध्ये जाणारे पंधराएक पीस चारवर आले. मग तिन्ही शिफ्टच्या १८ ऑपरेटरांना मीच शिकवलं. नोंदीत महिना, माझा वाटा आणि हे सांगू शकेल अशा सुपरवायझरचं नाव, सगळं आहे.

प्रॉडक्शनची जागा निघाली तेव्हा यातली मिनिटांची ओळ उचलली, क्वालिटीच्या जागेसाठी स्क्रॅपची, आणि ट्रेनिंगच्या जागेसाठी १८ ऑपरेटरांची. काम एकच, आणि तिन्ही ओळी खऱ्या. कुठली उचलायची ते जाहिरातच सांगते. तिच्यात दोनदा आलेल्या शब्दांखाली मी पेन्सिलीनं रेघ मारतो आणि तेच शब्द फाइलमध्ये शोधतो. नोंदच सापडली नाही, तर तो शब्द रेझ्युमेत घालायचा नाही. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आणि काटछाट नेहमी कॉपीवर. एकदा घाईत मूळ फाइलमध्येच ओळी खोडल्या, सेव्ह केल्या आणि दोन वर्षांचं काम गेलं. दुसऱ्या एका खेपेला कॉपी नीट केली, पण वरचं आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलं. तिकडून उत्तर आलं नाही, ते बरोबरच होतं.

भाच्यानं त्याच रात्री ‘सगळं’ लिहायला घेतलं. अकरा वाजता पुन्हा फोन. “मामा, मी वेल्डिंगचा जिग सुधारला होता ना, तेव्हा आधी किती पीस रिजेक्ट व्हायचे, आठवंना ओ.”

“तुझ्या शिफ्टच्या डायरीत असेल की.”

“ती आईनं रद्दीत घातली.”

मग ती ओळ त्याला आकडा न घालताच लिहायला सांगितली.