दीड वर्ष की साडेपाच वर्षं?

रविवार, रात्री उशिरा

आज लेकाला सांगितलं एकदाचं, की माझ्या आयुष्यात आता एक जोडीदार आहे. फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "आई, बाबांना जाऊन दीडच वर्ष झालंय गं."

त्याचा हिशोब चुकीचा नाही. पण माझा वेगळा आहे. ह्यांना अल्झायमर आहे हे कळल्यावर दोन वर्षांनी एका सकाळी ह्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोण?" त्या दिवसापासून मी रडतेय. पुढची चार वर्षं ह्यांना भरवलं, अंघोळ घातली, रात्री दाराला आतून कुलूप लावून झोपले. माणूस समोर बसलेला, पण माझा नवरा नव्हता तो. लेक सुट्टीत यायचा आणि बाबा हसून हात धरायचे, एवढंच त्याला दिसायचं. म्हणून त्याचं दुःख मृत्यूच्या दिवशी सुरू झालं आणि माझं तोवर चार वर्षांचं झालं होतं.

पॉलिन बॉस या संशोधक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही, अशा दुःखाला त्यांनी 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे संदिग्ध वियोग, असं नाव दिलं. पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठीही त्यांनी तेच वापरलं, कारण तिथे शरीर असतं आणि माणूस हरवलेला. हे वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी माझंच लिहिलंय.

लेकानं मग तो प्रश्न विचारलाच. "बाबा असतानाच?" मी खरं सांगितलं. त्यांच्याशी ओळख तेव्हाचीच, रुग्णांच्या घरच्यांच्या बैठकीतली. त्यांची पत्नीही याच आजाराने गेली. तेव्हा आम्ही औषधांच्या वेळा आणि रात्रीची जागरणं, एवढंच बोलायचो. बाकीचं सगळं नंतरचं.

शेजारच्या बाईंनी परवा मला "नातवंडांत रमायचं वय" ऐकवलं. त्यांच्या स्वतःच्या विधुर भावाला मात्र कुणीतरी बघायला हवं! हे मला खरंच लागलं.

लेकाची खरी धास्ती घराची होती, हे शेवटी कळलं. पैशांची नव्हे. बाबांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवणार नाही. मी सांगितलं, दोघांची घरं वेगळीच राहतील. ह्यांचं घर तुझ्याच नावे, मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलंय. दवाखान्यात निर्णयाची वेळ आली तर सही तुझीच. ते आठवड्यातले तीन दिवस येतील, मी कधी तिकडे जाईन.

"आणि खुर्ची?"

"ती तुझ्या खोलीत ठेवते."

पुन्हा शांतता. मग त्यानं विचारलं, "त्यांना बाबा आठवतात?"

"हो. बैठकीला ह्यांना सोबत नेलं, की तेच ह्यांच्या शर्टाची बटणं नीट लावून द्यायचे."

"बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला नाही. आम्ही मग कितीतरी वेळ बाबांबद्दलच बोलत होतो.