पंधरा ठिपके की सतरा

चेन्नईत लग्नघरांच्या दारी कोलम, म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी, काढण्याची कामे मी घेते. त्यांपैकी मैलापूरच्या एका घराचे काम अजून डोक्यातून जात नाही. त्या घरच्या पाट्टींना, म्हणजे आजींना, शिक्कु कोलम हवा होता. त्यात रेघ ठिपक्यांना जोडत नाही, तर त्यांच्याभोवती वळत, स्वतःला छेदत जाते. ती एकसंध असावी आणि ठिपक्यांच्या ओळी नऊच असाव्यात, या त्यांच्या दोन अटी होत्या.

सजावटवाल्यांनी कळवलेली दाराची रुंदी चौकटीच्या बाहेरून घेतलेली निघाली. छापील स्टिकर चिकटवणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही, म्हणून ही सवय पसरली आहे. मी चौकटीच्या आतून मोजले तेव्हा १३२ सेंटीमीटर भरले, आणि उंबऱ्यापासून पायरीच्या कडेपर्यंत ७८. दोन्ही बाजूंना कावेच्या पट्टीसाठी सहा-सहा सोडल्यावर कोलमला १२० उरले. शेवटच्या ठिपक्याबाहेरून रेघ वळते आणि तिला अर्ध्या अंतराएवढी जागा लागते. त्यामुळे आठ सेंटीमीटर अंतराने पंधरा ठिपके मांडले, तर ठिपक्यांची रांग ११२ची होते, पण कोलम पुरे १२० व्यापतो. हे अर्धे अंतर न धरणाऱ्याची रेघ ऐन शेवटी कावेच्या पट्टीवर चढते.

पंधरा स्तंभ आणि नऊ ओळी दारात चपखल बसत होत्या, मधला ठिपका दाराच्या मध्यावर येत होता. आलेखाच्या कागदावर रेघ फिरवून पाहिली, तर ती बरेच ठिपके सोडून आरंभबिंदूला परतली. सरळ मांडणीच्या अशा साध्या विणीत स्तंभ आणि ओळी यांच्या संख्यांचा महत्तम साधारण विभाजक जितका, तितकी वेगळी वेटोळी होतात. पंधरा आणि नऊचा तो तीन. एखादा छेद मोडून तिथे भेटणारी दोन वेटोळी जोडता येतात, परंतु सममितीसाठी तोच बदल समोरच्या बाजूला केला की जोडलेली रेघ पुन्हा तुटू शकते. म्हणून मी ठिपकेच बदलले. सात सेंटीमीटर अंतराने सतरा स्तंभ घेतले की ११९ होतात, नऊ ओळींना ६३ पुरतात आणि सतरा-नऊचा सामाईक विभाजक एकच.

पाट्टींना मी तेरा स्तंभ आणि सात ओळींचाही पर्याय दाखवला होता. नऊ सेंटीमीटर अंतराने तो ११७ बाय ६३, म्हणजे जवळपास तेवढ्याच जागेत बसतो. त्यातही रेघ एकच राहते आणि ठिपके १५३ऐवजी ९१ लागतात. “आमच्या दारात नऊच ओळी असतात,” एवढेच त्या म्हणाल्या.

सतराचा कोलम त्यांनी वाकून, रेघेवरून बोट फिरवत पूर्ण तपासला आणि त्या समाधान पावल्या. रस्त्यावरून मात्र सात सेंटीमीटरची वीण दाट दिसत होती. चिमटीतून सुटणारी रेघ जरा जाड झाली की छेदांमधली मोकळी जागा भरू लागते. दार लांबून पाहायचे असेल तर आजही मी तेरा-सातच सुचवीन, पण उंबऱ्याशी उभे राहून रेघेचा माग काढणाऱ्या माणसासाठी तो खरोखर सरस ठरला असता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.