विक्री दराचा एक रकाना आणि तीन वेळा परत आलेला अहवाल

बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला क्षेत्रभेट अहवाल होता. मी आमच्या परभणी जिल्ह्यातल्याच एका गावचा बुधवारचा बाजार घेतला. बाकी सगळं पटापट झालं, पण छापील नमुन्यातल्या 'खरेदी दर, विक्री दर, नफा टक्केवारी' या रकान्यांनी मला महिनाभर रडवलं.

पहिल्या बुधवारी दुपारी वही काढून टमाट्याचा खरेदी भाव विचारला. मावशी म्हणाल्या, "कामून इचारायलास? घ्यायचं असंल तर घे, नस्ता सरक." मी शेजारच्याने सांगितलेले १२ आणि २० लिहिले, ६७ टक्के नफा काढला आणि दिला. सरांनी परत केला. कारण शेऱ्यात एवढंच, "तपासून पहा."

पुढच्या बुधवारी पहाटे साडेचारला लिलावात जाऊन उभा राहिलो. अडत्या बोली पुकारतो, किरकोळवाले बोटांनी खुणावतात. तिथं त्याच मावशींनी २० किलोचं कॅरेट २४० रुपयांना घेतलं. कॅरेट उचलून टेम्पोत ठेवू लागलो, तेव्हा त्या बोलायला लागल्या. (वही नंतर काढा, आधी ओझं उचला.) गाडीभाडं २० आणि हमाली ५ धरून कॅरेट २६५ ला पडलं.

मग दिवसभर त्यांच्या पालाशेजारी बसलो. तळाचा दोन किलो माल फुटका निघाला, तो बाजूला गेला. सकाळी आठ किलो २० च्या भावानं गेले. अकराच्या सुमारास शेतकरी स्वतःचा माल घेऊन समोर बसला आणि १५ ओरडला. पाच मिनिटांत अख्खी रांग १५ वर आली, मावशींचेही सहा किलो त्याच भावानं गेले. दिवस कलल्यावर तराजू बाजूला, वाटे मांडले. साधारण किलोचा एक वाटा, दहा रुपयाला, असे चार. १६०, ९० आणि ४० मिळून २९०. म्हणजे कॅरेटमागे सुटले २५, नऊ टक्क्यांच्या आसपास. बसायच्या जागेची पावती वेगळीच.

आता या तीन भावांतला कोणता 'विक्री दर' म्हणून लिहायचा? तीनही लिहिले तर "एकच आकडा हवा" म्हणून अहवाल दुसऱ्यांदा परत. सरासरी काढताना २९० ला २० ने भागलं, तर तिसऱ्यांदा परत. हे मात्र माझंच चुकलं, विकले गेले होते १८ किलो. १६.११ लिहिल्यावर एकदाची सही झाली.

हो, मेथीचा भाव किलोत मागू नका. ती जुडीवर जाते, आणि दुपारनंतर भाव तोच राहिला तरी दोन जुड्यांवर तिसरी फुकट मिळते. घरचा वजनकाटा न्या, जुडी तोलून घ्या. मी नेला नव्हता, म्हणून माझ्या अहवालात मेथीच नाही.