बारा मिलियन म्हणजे किती क्विंटल कापूस?

वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब मी काही वर्षे सांभाळले. कंपनीचे ३२० सभासद होते, बहुतेक सारे कोरडवाहू कापूस पिकवणारे, आणि जर्मनीतील एका खरेदीदाराशी आमचा पहिलाच करार होणार होता. त्या कराराची जोडपत्रे इंग्रजीत होती. सभासदांसाठी त्यांचा मराठी गोषवारा मी तयार केला, आणि त्यात एका आकड्याच्या जागी दहापट मोठा आकडा लिहिला.

जोडपत्रातील रकान्याच्या डोक्यावर ‘INR million’ असे लिहिलेले होते आणि खाली नुसता १२.०० हा आकडा होता. माझ्या टेबलावर त्याच आठवड्यात आमचा ताळेबंद उघडा होता, त्यातील आकडे ‘रुपये लाखांत’ होते, आणि लाखाच्या वरची पायरी म्हणजे कोटी ही सवय हाताला इतकी बसलेली होती की गोषवाऱ्यात मी ‘बारा कोटी रुपयांचा कापूस’ असे लिहून मोकळा झालो. लाख आणि कोटी यांच्या मध्ये आपल्याकडे दशलक्षाची पायरी आहे आणि मिलियन म्हणजे नेमकी तीच, हे मला माहीत नव्हते असे नाही; पण बोलण्यात दशलक्ष हा शब्द कोणी वापरत नाही, त्यामुळे मोजताना ती पायरी नजरेतून सुटते. मिलियनची चूक बहुतेक वेळा दहापटीचीच निघते, त्याचे कारण मला यातच दिसते.

पुढचा हिशेब मी त्या चुकीवरच रचला. कराराचा भाव क्विंटलला ७,५०० रुपये होता. बारा कोटींना त्याने भागल्यावर १६,००० क्विंटल आले, आणि ते ३२० सभासदांत वाटल्यावर प्रत्येकी ५० क्विंटल. प्रत्येकाने ५० क्विंटल कापूस कंपनीसाठी राखून ठेवावा, अशी सूचना गावोगाव गेली. वेचणीचे दिवस होते. काही जणांनी ती सूचना वाचून दारात आलेल्या व्यापाऱ्याला परत पाठवले, हे मला नंतर कळले आणि त्याची बोच आजही आहे.

चूक पकडली ती ग्रामपंचायतीच्या सभागृहात भरलेल्या सभेत. मी गोषवारा वाचत असताना मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि म्हणाले, “भाऊ, पन्नास क्विंटल कापूस माह्या पाच एकराच्या वावरात आजवर कधी झाला नाई.” मी त्यांना थांबवून उत्तर देणार होतो, इतक्यात आणखी तिघांनी तेच सांगितले. तेव्हा मी मूळ जोडपत्र मागवले. रकमेच्याच ओळीत, दोन रकाने अलीकडे, मालाचे वजन १६० टन असे स्पष्ट लिहिलेले होते. एक टन म्हणजे दहा क्विंटल, म्हणून माल १,६०० क्विंटलच. भावाने गुणले तर एक कोटी वीस लाख रुपये, आणि प्रत्येक सभासदाच्या वाट्याला ५ क्विंटल. पडताळणीचे साधन त्याच ओळीत होते आणि मी त्याकडे पाहिले नव्हते.

सभा तासाभरासाठी थांबवून मी अध्यक्षांसमोर फळ्यावर आकडा पुन्हा मांडला, आणि तेव्हापासून मी हीच रीत पाळतो. मिलियनवरून थेट लाख-कोटींवर उडी घ्यायची नाही. आधी आकडा शून्यांसह पूर्ण लिहायचा. बारा मिलियन म्हणजे १२,०००,०००. मग सगळे स्वल्पविराम पुसायचे, म्हणजे १२०००००० उरते. आता उजवीकडून आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्यायचे, पहिला तीन अंकांनंतर आणि पुढचे दोन-दोन अंकांनंतर: १,२०,००,०००. उजवीकडून पहिला स्वल्पविराम दोन्ही पद्धतींत हजाराचाच असतो, म्हणून छोट्या रकमांत फरक जाणवत नाही. दुसरा मात्र त्यांच्याकडे मिलियनचा आणि आपल्याकडे लाखाचा, तर तिसरा त्यांच्याकडे बिलियनचा आणि आपल्याकडे कोटीचा. त्यामुळे नुसते स्वल्पविराम मोजून आकडा वाचणाऱ्याची फसगत होते. ते कुठे बसले आहेत, हेही पाहावे लागते.

संगणकावरही हाच घोळ होता. खरेदीदाराची एक्सेल पत्रके आमच्या यंत्रावर तीन-तीन अंकांचे गट दाखवत. कोणीतरी त्यावर पुढील सूत्र बसवून दिले होते:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

हे धन आकड्यांना ठीक चालते. त्यात अटी दोनच घालता येतात, आणि ऋण रक्कम त्या दोन्हींत न बसल्याने तिसऱ्या भागात जाऊन पडते. त्यामुळे कपातीचे वीस लाख रुपये -2,000,000 असे तीन-तीनच्या गटांत दिसत होते, आणि एकाच रकान्यात दोन पद्धती नांदत होत्या. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश English (India) केला की साध्या स्वल्पविरामाच्या मांडणीतही आपले गट येतात आणि ऋण आकडेही सरळ राहतात, म्हणून मी ते सूत्र काढून टाकले.

त्याच दुपारी जोडपत्रांची उरलेली पाने मी नव्या नजरेने वाचली. खरेदीदाराच्या जर्मन माहितीपत्रकात त्यांची उलाढाल ‘1,4 Mrd. Euro’ अशी होती. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम वापरतात आणि हजारांच्या गटांमध्ये टिंब देतात, म्हणून हे चौदा नव्हे, एक दशांश चार. ‘Mrd.’ म्हणजे मिलियार्डे, अर्थात इंग्रजीतले बिलियन, आपले अब्ज, म्हणजे शंभर कोटी. जर्मनमध्ये ‘बिलियन’ असा उच्चार असलेला शब्दही आहे, पण त्याचा अर्थ त्याच्या हजारपट, म्हणजे एक लाख कोटी होतो. इंग्लंडमध्येही पूर्वी बिलियनचा तोच मोठा अर्थ रूढ होता. १९७४ साली तिथल्या सरकारने आपल्या आकडेवारीत हजार मिलियनचा अर्थ स्वीकारला. तेव्हा कोणता बिलियन हे ठरवायचे तर आधी कागद कोणत्या भाषेतला आणि किती जुना, हे पाहावे लागते. ती उलाढाल मी ‘१४० कोटी युरो’ अशी लिहिली आणि रुपयांत केली नाही. शब्द बदलणे आणि चलन बदलणे ही दोन कामे एकाच ओळीत केली, तर चूक कोणत्या पायरीवर झाली हे नंतर शोधता येत नाही.

अब्जाच्या पुढे मी मराठी शब्द वापरणेच सोडले. खर्व म्हणजे आपल्या जुन्या गणनेत दहा अब्ज, तर हिंदीतला खरब म्हणजे शंभर अरब. आमच्या बँकेचा पत्रव्यवहार हिंदीत चाले, त्यामुळे हा धोका खराच होता. तिथे मी ‘हजार कोटी’, ‘लाख कोटी’ असेच लिहितो.

खेळत्या भांडवलासाठी बँकेला द्यायचे पत्र सुदैवाने अजून अध्यक्षांच्या पिशवीतच होते. ते फाडून नवे लिहिले, आणि त्यात रक्कम तीन प्रकारे घातली: रु. १,२०,००,०००, अक्षरी एक कोटी वीस लाख, म्हणजेच कराराप्रमाणे १२ मिलियन. शेजारी १,६०० क्विंटल आणि ७,५०० रुपये भाव हेही लिहिले, म्हणजे वाचणाऱ्याला गुणाकार स्वतः करून पाहता यावा. संध्याकाळी मी आणि अध्यक्ष मोटारसायकलवर गावांकडे निघालो, आणि ज्यांनी व्यापारी परत पाठवले होते त्यांच्या घरी आधी गेलो. पाच क्विंटल आमच्यासाठी ठेवा, बाकीचा माल मोकळा आहे, एवढेच सांगायचे होते.