तीन तारखा आणि वहीचं मागचं पान

मी सहावीची वर्गशिक्षिका आहे. चिडवाचिडवीच्या तक्रारी वर्षभर येतात आणि बहुतेकींचा सूर सारखाच असतो: ‘सगळे रोज त्रास देतात, काहीतरी करा.’ त्यामागचं दुःख खरं असतं, पण ‘सगळे’ म्हणजे कोण आणि ‘रोज’ म्हणजे कधी हे कळत नाही. मग वर्गात ‘कोण चिडवतं रे याला?’ असं विचारलं जातं आणि त्या मुलाचा त्रास दुप्पट होतो.

एका शुक्रवारी संध्याकाळी एका आईचा मेसेज आला. वर्गाच्या ग्रुपवर नाही, थेट मला.

‘नमस्कार मॅडम. बोलताना अडखळतो म्हणून माझ्या मुलाला चिडवलं जातंय. त्याने सांगितलेले प्रसंग: मंगळवार 4 तारीख, तिसऱ्या तासानंतर दोन मुलांनी त्याच्या वाचनाची नक्कल केली, “प-प-पान उलट” असं म्हणून. सोमवार 10, तिसऱ्या तासानंतर पुन्हा तेच, त्याच दोघांकडून. गुरुवार 13, पाचव्या तासानंतर तिघं होते. मी स्वतः पाहिलेलं: वहीच्या मागच्या पानावर दुसऱ्याच्या अक्षरात “प-प-प” लिहिलंय, फोटो ठेवला आहे. तो काल आणि आज सकाळी पोट दुखतंय म्हणाला. सुरुवात कशी झाली, त्यानेही काही म्हटलं का, हे मला माहीत नाही. त्या मुलांच्या पालकांशी मी बोललेले नाही. सोमवारी किंवा मंगळवारी शाळा सुटल्यावर 20 मिनिटं भेटता येईल का? तोपर्यंत कृपया त्याला वर्गासमोर काही विचारू नये.’

मुलांची नावं मेसेजमध्ये नव्हती, ती भेटीत सांगणार होत्या. हे मला फार योग्य वाटलं. मेसेज पुढे कुणालाही पाठवला जाऊ शकतो, आणि लेखी नाव आलं की समोरचे पालक आधी बचावाच्या पवित्र्यात जातात. शिवाय मुलाने सांगितलेलं, आईने पाहिलेलं आणि माहीत नसलेलं असे तीन भाग वेगळे ठेवले होते. ते एकत्र झाले असते, तर एक तपशील चुकला म्हणून सगळीच तक्रार खोटी ठरवायला वाव राहिला असता.

मी लगेच दोन ओळींत उत्तर दिलं: सोमवारी भेटू, फक्त आपण दोघी, तोवर वर्गात विषय काढणार नाही. मग वेळापत्रक उघडलं. तिन्ही तास भाषेचे, म्हणजे माझेच, आणि तिन्ही दिवशी प्रकट वाचन होतं. तास संपला की मी दुसऱ्या वर्गाकडे निघते, पुढचे सर वरच्या मजल्यावरून येतात. मधली चार-पाच मिनिटं वर्गात कुणीच मोठं माणूस नसतं. नुसत्या ‘रोज’ या शब्दावरून हे मला कधीच सापडलं नसतं.

सोमवारी आईने वही आणली. अक्षर ओळखीचं होतं, तरी मी तिथे नाव घेतलं नाही. अक्षरावरून अंदाज बांधता येतो, ठपका ठेवता येत नाही. ठरलं ते एवढंच: पुढचे सर येईपर्यंत मी दारात थांबायचं. काही दिवस वाचन जोडीने, एका सुरात घ्यायचं, सगळ्याच वर्गाचं. अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांना सोबत वाचताना सोपं जातं, आणि सगळेच तसं वाचत असल्याने तो वेगळा उठून दिसत नाही. बाक बदलायचा तो नक्कल करणाऱ्यांचा. त्याचा बदलला तर शिक्षा त्यालाच झाल्यासारखी वाटते.

आईंची इच्छा होती की मुलांना समोर बसवून माफी मागायला लावावी. मी नको म्हटलं. तिघांसमोर एकटा बसलेला मुलगा ‘ठीक आहे, काही नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि बाहेर पडल्यावर ‘घरी सांगितलंस ना’ ऐकतो. मी त्या मुलांशी वेगवेगळं बोलले, एकेकाशी, पाच-सात मिनिटं. कुणी सांगितलं हे न सांगता, ‘तास बदलताना वाचनाची नक्कल होते, ती थांबली पाहिजे’ एवढंच म्हटलं. दोघांनी मान्य केलं. तिसरा म्हणाला, मी फक्त हसलो. त्या हसण्यामुळेच नक्कल पुन्हा होते, हे त्याला समजावायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

त्या मुलांवर नेमकी काय कारवाई झाली हे मी आईंना सांगू शकत नव्हते, आणि तसं भेटीतच स्पष्ट केलं होतं. त्यांच्याकडून मागितलं ते एकच: मुलाला रोज ‘आज कुणी चिडवलं?’ विचारू नका, तो स्वतःहून बोलला तर तारीख, जागा आणि शब्द लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायचं ठरलं.

त्या भेटीच्या आदल्या दिवशी मेसेज आला: ‘वर्गात एकदाही नाही. बुधवारी एकदा, सुटल्यावर, जिन्यात. त्यातला एकच मुलगा होता. पोटदुखी नाही.’ आता शाळा सुटताना मी जिन्याच्या वळणावर उभी राहते.